शिकवणी आणि स्वतःची परीक्षा: मुलं किती घ्यावीत, तास कुठे बसवावेत

स्पर्धा परीक्षेची तयारी करताना घरखर्चाला हातभार म्हणून संध्याकाळी शिकवणी घेणं हा मार्ग चांगला आहे. तो फसतो तेव्हा बहुतेकदा हिशोब चुकलेला असतो. आपण शिकवणीचे तास मोजतो ते फक्त मुलं समोर बसलेली असतात तेवढेच. उरलेला वेळ अभ्यासाचा असं गृहीत धरून वेळापत्रक आखतो आणि दोन-तीन महिन्यांनी लक्षात येतं, की अभ्यासक्रम अर्धाही सरकलेला नाही. म्हणून आधी शिकवणीचा खरा वेळ मोजायचा, मग मुलांची संख्या ठरवायची आणि शेवटी तास पक्के करायचे. हा क्रम उलटा करू नका. वेळ न मोजता मुलं कमी केली तर चुकीची मुलं कमी होतात. ते कसं, हे पुढच्या उदाहरणात दिसेल.

एक आठवडा नोंद ठेवा

एका वहीत सोमवार ते रविवार शिकवणीसाठी गेलेला प्रत्येक पाव तास लिहा. प्रत्यक्ष तास, उद्याच्या धड्याची तयारी, वह्या आणि चाचणीचे पेपर तपासणं, पालकांचे फोन, मुलांचे शंकांचे मेसेज, एक मूल गेल्यावर दुसरं येईपर्यंतची वाट पाहणं, ठरल्यापेक्षा लांबलेला तास, रविवारचा जादा वर्ग हे सगळं त्यात आलं पाहिजे. मुलांच्या घरी जात असाल तर घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ धरा. प्रत्येक नोंदीपुढे इयत्ता लिहायला विसरू नका, कारण पुढचा सगळा निर्णय त्या रकान्यावर उभा आहे. मुलांच्या परीक्षेचा किंवा सणासुदीचा आठवडा नोंदीसाठी निवडू नका, साधा आठवडा घ्या.

आता उदाहरण पाहू. शाळेचं वर्ष नुकतंच सुरू झालं आहे आणि शिकवणाऱ्याची स्वतःची परीक्षा २४ आठवड्यांवर आहे. ११ मुलं आहेत: पाचवीची २, सातवीची ३, नववीची ४ आणि दहावीची २. चारही इयत्तांना आठवड्यातून पाच दिवस रोज एक तास, म्हणजे आठवड्याला २० तास शिकवणं. शिवाय दहावीला रविवारी २ तास जादा. विचारलं तर ही व्यक्ती सांगेल, ‘संध्याकाळी चार तास जातात.’

नोंदवहीत मात्र असं निघतं. तयारीला पाचवीसाठी १ तास, सातवीसाठी दीड, नववीसाठी अडीच आणि दहावीसाठी ३ तास, मिळून ८. तपासणीला अडीच तास. फोन आणि मेसेज ३ तास. रविवारचे २ तास. दोन बॅचमधली वाट पाहणं आणि लांबलेले तास मिळून रोज एक तास, म्हणजे ५. एकूण साडेचाळीस तास. २० तासांची वाटणारी शिकवणी प्रत्यक्षात पूर्ण वेळच्या नोकरीएवढी आहे. तिच्या जोडीला आठवड्याला ३० तासांचा अभ्यास कागदावर बसतो, अंगावर बसत नाही.

मुलं कमी करताना इयत्ता मोजा

नोंदीतली एक गोष्ट नीट पाहा. तयारीचा वेळ मुलांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो, तो इयत्तांच्या संख्येवर असतो. नववीचं एक प्रकरण चार मुलांसाठी तयार करा किंवा सहांसाठी, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. उलट चार इयत्तांची चार मुलं म्हणजे चार वेगळ्या तयाऱ्या. म्हणून ‘११ ची ६ करू’ असं म्हणून प्रत्येक इयत्तेतलं एखाद-दुसरं मूल कमी केलंत तर पैसे कमी होतील आणि वेळ जवळजवळ तसाच राहील. कमी करायची ती अख्खी इयत्ता.

कोणती इयत्ता, हे फीवरून ठरवू नका. दर तासाला पदरात काय पडतं ते पाहा. हिशोब सोपा जावा म्हणून फी भागांत धरू. पाचवी आणि सातवीची दर मुलामागे महिन्याला २ भाग, नववीची ३, दहावीची ४. आताचं महिन्याचं उत्पन्न ४ + ६ + १२ + ८, म्हणजे ३० भाग होतं.

दहावीची फी सगळ्यांत जास्त, म्हणून ती ठेवावी असं सहज वाटतं. पण दहावीवर आठवड्याला ५ तास शिकवणं, ३ तास तयारी, पाऊण तास तपासणी, एक तास फोन-मेसेज आणि २ तास रविवारचा वर्ग, असे पावणेबारा तास जातात आणि मिळतात ८ भाग. नववीवर सव्वानऊ तास जातात आणि मिळतात १२ भाग. सातवीवर पावणेआठ तास, ६ भाग. पाचवीवर पावणेसात तास, ४ भाग. महिन्याचे भाग आठवड्याच्या तासांनी भागले तर नववीला १.३, सातवीला ०.७७, दहावीला ०.६८ आणि पाचवीला ०.५९ येतात. सर्वांत जास्त फीची इयत्ता तिसऱ्या क्रमांकावर गेली, कारण दोनच मुलं आहेत आणि त्यांच्यासाठीची मेहनत मात्र पूर्ण बॅचची आहे.

आता दुसऱ्या बाजूने मोजा. महिन्याला किमान किती लागतं? परीक्षेची फी, पुस्तकं, सराव चाचण्या, घरात द्यायची रक्कम हे सगळं एकदा लिहून बेरीज करा. ‘जितके मिळतील तितके बरे’ हे उत्तर इथे चालत नाही. आकडा नसेल तर नवीन मुलाला नाही म्हणण्याचं कारणच सापडत नाही. आपल्या उदाहरणात ही गरज २० भागांची आहे. नववीची ४ आणि सातवीची ३ मुलं ठेवली तर १८ भाग होतात, दोन कमी पडतात. नववीतच एक मूल वाढवलं की २१ होतात आणि तयारीचा वेळ वाढत नाही. तिसरी इयत्ता उघडण्यापेक्षा असलेल्या बॅचमध्ये जागा भरणं केव्हाही परवडतं. म्हणून निर्णय असा: दोन इयत्ता, आठ मुलं.

बॅच किती मोठी होऊ द्यायची यालाही मर्यादा आहे. प्रत्येकाची वही तासातच पाहता आली पाहिजे. सव्वा तासात पाच-सहा मुलांपर्यंत ते जमतं. त्यापुढे तपासणी तासाबाहेर जाते आणि वाचवलेला वेळ पुन्हा गळायला लागतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दहावीच्या मुलांची शेवटची परीक्षा तीन महिन्यांच्या आत आली असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा. त्यांना अधेमधे सोडू नका, इतर इयत्ता कमी करा. वर्षाच्या सुरुवातीला मात्र सांगायला हरकत नाही, कारण पालकांना दुसरी सोय करायला वेळ असतो. एक महिना आधी कळवा, आणि कोणती प्रकरणं झाली, मूल कुठे अडतं, हे एका पानावर लिहून पालकांना द्या. पुढच्या शिक्षकाला त्याचा फार उपयोग होतो.

तास कुठे बसवायचे

मुलांची वेळ शाळा ठरवते, त्यामुळे शिकवणी संध्याकाळीच येते. आपल्या हातात असतं ते एवढंच, की ती सलग असावी आणि तिचा शेवट पक्का असावा.

सलग का? चार ते पाच एक बॅच आणि सात ते आठ दुसरी, अशी मांडणी केली तर मधले दोन तास मोकळे दिसतात. त्यात नवीन प्रकरण हाती घेतलं की पहिला अर्धा तास मागच्या बॅचच्या विचारात जातो आणि शेवटचा अर्धा तास पुढच्या तयारीत. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मन काही काळ पहिल्यातच अडकून राहतं, असं सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे. शिकवणीत हे जास्त जाणवतं, कारण मुलाची न सुटलेली शंका डोक्यात घोळत राहते.

उदाहरणातली नवी मांडणी अशी: सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार. सातवी ५ ते ६, नववी ६.०५ ते ७.२०. नववीचे आठवड्याचे ५ तास तसेच राहिले, पण पाच दिवसांऐवजी चार दिवसांत. सातवीला ४ तास पुरतात. बुधवार मोकळा ठेवला आहे. दोन दिवसांनंतर आवाजाला आणि डोक्याला विश्रांती मिळते आणि आठवड्याच्या मध्यात पूर्ण लांबीची सराव चाचणी द्यायला एक अखंड दिवस हाती येतो. मुलांनाही त्या दिवशी साठलेला गृहपाठ उरकता येतो.

आता खर्च पाहा. शिकवणं ९ तास, तयारी ४, तपासणी दीड, पालक आणि मेसेज १, मधली वाट पाहणं वीस मिनिटं. एकूण १६ तासांच्या आत. आधी साडेचाळीस होते. उत्पन्न ३० भागांवरून २१ वर आलं, म्हणजे तीन दशांश कमी झालं. वेळ मात्र सहा दशांश वाचला. आठवड्याला सुमारे साडेचोवीस तास, २४ आठवड्यांत जवळजवळ ५९० तास.

स्वतःचा अवघड अभ्यास सकाळी ठेवा. नवीन प्रकरण, लेखी उत्तरांचा सराव, किचकट गणितं ही कामं दुपारच्या जेवणाआधी. शिकवणी सुरू होण्यापूर्वी अर्धा तास अभ्यास थांबवा आणि पान कुठे सोडलं, पुढे काय करायचं, ते एका ओळीत लिहून ठेवा. शिकवणी संपल्यावर अर्धा तास काहीच करू नका. त्यानंतरच्या वेळात उजळणी, वस्तुनिष्ठ प्रश्नांचा संच, चुकांची वही, चालू घडामोडींच्या नोंदी अशी कामं घ्या. अडीच तास सलग बोलल्यानंतर रात्री नवीन विषय वाचायला बसलात तर पानं उलटतात आणि दुसऱ्या दिवशी आठवत काहीच नाही. वेळापत्रकात तो अभ्यास झालेला दिसतो, ही खरी अडचण.

शिकवणीच्या तासांना स्वतःचा अभ्यास म्हणून मोजू नका. नववीचं बीजगणित शिकवल्याने परीक्षेतल्या अंकगणिताचा पाया पक्का राहतो हे खरं आहे. पण शिकवताना आपण सावकाश, एकेक पायरी उलगडून दाखवतो. परीक्षेत तेच गणित मिनिटभरात सोडवायचं असतं. ती गती घड्याळ लावून सोडवलेल्या संचातूनच येते. शिकवण्याचा फायदा मिळतोच, पण अभ्यासाच्या रकान्यात त्याचे शून्य तास लिहा.

पालकांना काय सांगायचं

तास बदलायचे असतील तर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बदला आणि किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं प्रत्येक घरात वेगळं ऐकलं जातं. मेसेज छोटा आणि स्पष्ट असावा:

> नमस्कार. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून नववीची शिकवणी सोम, मंगळ, गुरू, शुक्र या दिवशी ६.०५ ते ७.२० अशी असेल. आठवड्याचे एकूण तास आधीइतकेच राहतील. मुलांनी शंका वहीत लिहून आणाव्यात, प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं त्यासाठी ठेवली आहेत. पालकांना बोलायचं असल्यास शनिवारी ११ ते १२ या वेळेत फोन करावा. मूल गैरहजर राहिल्यास वेगळा तास घेता येणार नाही. माझ्यामुळे तास बुडाल्यास तो शनिवारी भरून देईन. माझ्या परीक्षेमुळे शेवटचे दोन आठवडे शिकवणी बंद राहील. ते तास मी आधीच्या शनिवारी पूर्ण करेन, तारखा वहीत लिहून देत आहे.

सातवीच्या पालकांसाठी यात ‘आधीइतकेच’ हे वाक्य चालणार नाही. त्यांचे तास ५ वरून ४ झाले आहेत ते सरळ लिहा, आणि चौथ्या आठवड्यानंतर मुलाचा अभ्यास मागे पडतो आहे का, हे सोबत पाहू असं सांगा. लपवलेली कपात पहिल्या चाचणीनंतर बाहेर येते आणि मग फी कमी करण्याची बोलणी सुरू होतात.

स्वतःच्या परीक्षेबद्दल सुरुवातीलाच सांगणं चांगलं. पुष्कळांना भीती वाटते, की पालक मूल काढून घेतील. काही घेतीलही. पण परीक्षेच्या आठ दिवस आधी अचानक सुटी मागितली तर त्याहून जास्त जण जातात, आणि तेही रागाने.

वेळ कुठून गळतो

मांडणी पक्की झाली तरी पहिल्या महिन्यातच ती सैल होऊ लागते. सगळ्यांत मोठी गळती बुडालेल्या तासांची. एक मूल लग्नाला गेलं, त्याच्यासाठी वेगळा तास घेतला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने तेच मागितलं. सवलत एकदा दिली की ती नियम होते. त्यापेक्षा प्रत्येक तासाचा गोषवारा एका मुलाकडून वहीत लिहून घ्या, गैरहजर मुलाने तो उतरवून घ्यावा आणि शंका पुढच्या दहा मिनिटांत विचाराव्यात.

मेसेजची गळती दिसत नाही, कारण प्रत्येक शंका दोन मिनिटांची असते. पण सकाळी साडेदहाला आलेल्या गणिताच्या फोटोने हातातलं प्रकरण तुटतं. अभ्यासाच्या वेळात शिकवणीचा गट बंद ठेवा. रात्री एकदा पाहा आणि बहुतेक शंकांना ‘उद्या तासात घेऊ’ एवढंच उत्तर द्या. फक्त मुलाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी असेल तर अपवाद करा.

तपासणी कमी करायची तर गृहपाठ मुलांनी तासाच्या सुरुवातीला एकमेकांच्या वह्या पाहून तपासावा. तुम्ही आठवड्याला एकच लेखी चाचणी घरी तपासा, वीस गुणांची. तयारी रोज करू नका. शनिवारी दुपारी एकदम चार तास बसून दोन्ही इयत्तांची आठवड्याची टाचणं काढा. रोज अर्धा-पाऊण तास तयारीला बसलं की तो सहज तासभर होतो आणि संध्याकाळच्या आधीची वेळ खातो.

‘एकच मूल, आपल्याच घरचं आहे’ ही विनंती हमखास येते. त्याच दोन इयत्तांपैकी असेल आणि जागा असेल तर घ्या. तिसऱ्या इयत्तेचं असेल तर ते एक मूल आठवड्याला सहा-सात तास मागणार आहे, हे नोंदवही काढून पाहा. आकडा समोर असला की नकार देताना अपराधी वाटत नाही.

परीक्षा जवळ आल्यावर

उदाहरणात २१ व्या आणि २२ व्या आठवड्यात चारऐवजी दोनच दिवस शिकवणी आहे, २३ आणि २४ व्या आठवड्यात पूर्ण बंद. प्रत्येक बॅचचे १२ तास बुडतात. ते भरायला ६ ते १७ या आठवड्यांतले बारा शनिवार, संध्याकाळी ५ ते ७.२० वापरायचे. त्या आठवड्यांत शिकवणी सुमारे १८ तासांवर जाते, पण तेव्हा तुमची परीक्षा दूर असते. फी कापली जात नाही आणि शेवटचा महिना मोकळा राहतो. हे तास मागाहून भरू असं म्हणू नका. परीक्षेनंतर मुलांच्या शाळेचीही परीक्षा आलेली असू शकते.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा: तुमच्या परीक्षेचं आणि मुलांच्या सहामाही, वार्षिक परीक्षांचं. दोन्ही एकाच पंधरवड्यात येत असतील तर शनिवार अजून आधी सुरू करा आणि त्या मुलांची उजळणी तीन आठवडे आधी संपवा. तुमच्या परीक्षेची तारीख पुढे गेली तरी बंदचे आठवडे लगेच हलवू नका. नवी तारीख जाहीर झाली की मगच पालकांना एकदाच कळवा.

मांडणी टिकते आहे का, हे कसं ओळखायचं

दर रविवारी दोनच आकडे लिहा: आठवड्यात झालेला स्वतःचा अभ्यास आणि शेवटचं मूल दाराबाहेर पडल्याची रोजची वेळ. अभ्यासाचं लक्ष्य ३० तास असेल आणि सलग दोन आठवडे तो २४ च्या खाली गेला, तर पुन्हा एक आठवडा पाव-पाव तासाची नोंद ठेवा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस शेवटचं मूल साडेसातनंतर जात असेल तर तास लांबतोय. त्यावर उपाय म्हणजे ७.१० ला नवीन काही न शिकवता गृहपाठ लिहून द्यायला लागणं.

नोंदीत गळती सापडली नाही, तास वेळेवर संपतात, मेसेजही आटोक्यात आहेत आणि तरीही अभ्यास २४ च्या खालीच राहतो, असं झालं तर एक इयत्ता आणखी कमी करण्याची वेळ आली आहे. उदाहरणात तेव्हा सातवी जाईल आणि १५ भाग उरतील. गरज २० भागांची असल्यामुळे ५ भागांची तूट येईल. ती बचतीतून किती महिने भरता येईल हे आधी मोजा, आणि तेवढेच महिने परीक्षेला उरले असतील तेव्हाच हे पाऊल उचला.